ई-चलन संकेतस्थळावर भरावे की ॲपवर, आणि ॲपची लिंक खरी आहे हे कसे ठरवावे?

सुमेधा_सिन्नर

नमस्कार. माझ्या वडिलांना काल व्हॉट्सॲपवर एका अनोळखी क्रमांकावरून संदेश आला. त्यांच्या दुचाकीने सिग्नल मोडला असून दंड न भरल्यास परवाना रद्द होईल, असे त्यात लिहिले होते, आणि खाली `RTO Challan.apk` नावाची फाइल जोडलेली होती. गाडीचा क्रमांक अचूक होता, प्रोफाइलच्या चित्रात सरकारी वाटावे असे बोधचिन्हही होते. वडिलांनी फाइल उघडलेली नाही, परंतु खरोखर दंड असेल तर तो भरून टाकावा, असा त्यांचा आग्रह आहे.

त्यावरून दोन प्रश्न पडले. पहिला म्हणजे, चलन पाहण्यासाठी आणि भरण्यासाठी संकेतस्थळ वापरावे की एमपरिवहन हे ॲप घ्यावे? दुसरा असा की, ॲप घ्यायचे ठरले तर आपण उघडलेली लिंक खऱ्या सरकारी संकेतस्थळावरूनच आलेली आहे, याची खात्री नेमकी कशी करायची? "अनोळखी लिंक उघडू नका" एवढे वडिलांना सांगून भागत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने प्रत्येकच लिंक अनोळखी असते.

कोकणकडा

सुमेधाताई, यात फार विचार करण्यासारखे काही नाही. प्ले स्टोअर उघडावे, शोधपट्टीत एमपरिवहन लिहावे आणि जे पहिले येईल ते घ्यावे. प्ले स्टोअरवर गूगलची तपासणी असते, त्यामुळे तिथे असलेले ॲप खरेच असते. संकेतस्थळाच्या बाबतीत पत्त्याआधी कुलूप दिसले की ते सुरक्षित समजावे. मी कित्येक वर्षे असेच करत आलो आहे आणि कधीही अडचण आलेली नाही.

विनायक_ना

कोकणकडा यांच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे, परंतु उरलेले अर्धे घातक ठरू शकते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मोबाइल ॲप बनवण्याच्याच कामात असल्यामुळे या गोष्टी रोज पाहतो.

आधी कुलपाविषयी. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की तुमचा ब्राउझर आणि समोरचे संकेतस्थळ यांच्यातील संभाषण वाटेत कोणी वाचू शकत नाही. समोर कोण बसले आहे, याची हमी ते देत नाही. भामट्याच्या संकेतस्थळालाही ते प्रमाणपत्र काही मिनिटांत आणि फुकट मिळते. लोकांचा हा गैरसमज दूर होत नाही असे पाहून क्रोमने 2023 मध्ये पत्त्याच्या पट्टीतील कुलूपच काढून टाकले. त्यामुळे पाहायचा तो पत्ता, आणि तोही योग्य बाजूने.

```
https://echallan.parivahan.gov.in/
https://echallan.parivahan.gov.in.pay-fine.xyz/
```

दुसरा पत्ता मी समजावण्यासाठी रचलेला आहे. डावीकडून वाचत गेलो तर दोन्ही सारखेच वाटतात आणि मोबाइलच्या अरुंद पट्टीत तर शेवटचा भाग दिसतही नाही. म्हणून `https://` नंतरची पहिली तिरकी रेघ शोधावी आणि तिच्यापासून डावीकडे मागे वाचत यावे. पहिल्या पत्त्यात रेघेला लागून `gov.in` आहे आणि त्याच्या आधी `parivahan`. दुसऱ्यात रेघेला लागून `pay-fine.xyz` आहे, म्हणजे ते घर कोणा दुसऱ्याचेच, सरकारी नाव नुसते दारावर लटकवलेले. `gov.in` हा शेवट कोणालाही पैसे मोजून विकत घेता येत नाही. तो सरकारी संस्थांनाच, कागदपत्रे पाहून दिला जातो. याउलट नुसता `.in` हा शेवट कोणीही घेऊ शकतो, हे लक्षात ठेवावे.

संदेशात गाडीचा क्रमांक अचूक होता, याला काहीही किंमत देऊ नये. तो गाडीच्या पाठीवर लिहिलेलाच असतो, आणि क्रमांक-मालक-मोबाइल अशा याद्या बाजारात फिरत असतात.

टेम्पोवाले_आप्पा

आमच्याकडे मालवाहतुकीच्या गाड्या आहेत, म्हणून अनुभवाने लिहितो. चलन भरण्यासाठी ॲपची गरज नाही. संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे घातले की प्रलंबित चलने दिसतात, आणि तिथूनच पैसे भरता येतात. आमच्या कार्यालयात हे काम मुलगा संगणकावर करतो. मोठ्या पडद्यावर पत्ता पूर्ण दिसतो, हा त्यातला खरा फायदा.

ॲपचा उपयोग वेगळा आहे. चालकाच्या फोनमध्ये गाडीचे आरसी आणि त्याचा परवाना ठेवता येतो. एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमधील कागदपत्रे मूळ कागदपत्रांच्या बरोबरीने ग्राह्य धरावीत, अशी सूचना रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट 2018 मध्ये राज्यांना दिलेली आहे. नाक्यावर गाडी अडवली की हेच कामाला येते. म्हणजे ज्याला कागद रोज दाखवावा लागतो त्याने ॲप घ्यावे आणि ज्याला वर्षाकाठी एखादे चलन पाहायचे आहे त्याने संकेतस्थळावर काम उरकावे, असे माझे मत आहे.

शरद_पिंपरी

मला तर माझ्या गाडीचे नसलेलेच चलन आले आहे. छायाचित्रात दुसरीच पांढरी मोटार दिसते, तिच्या क्रमांकातील एक अक्षर वेगळे आहे, तरीही दंड माझ्या नावावर! यासाठी कोणते ॲप घ्यावे? एका दुकानदाराने सांगितले की ॲपवरून तक्रार केली तर लवकर निकाल लागतो.

विनायक_ना

शरदराव, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण उत्तर थोडक्यात देता येईल. `echallan.parivahan.gov.in` वर तक्रारीचा पर्याय आहे. चलनाचा क्रमांक आणि स्वतःच्या गाडीचे छायाचित्र हाताशी ठेवावे. ॲपवरून तक्रार केल्याने कोणाचा क्रम पुढे सरकतो, असे मला तरी आढळलेले नाही. दुकानदार कोणते ॲप सुचवतो आहे, तेवढे मात्र त्याच्या फोनवर न पाहता स्वतः तपासून घ्या.

मालती_देशपांडे

आमच्या सोसायटीच्या गटावर गेल्या पावसाळ्यात हाच प्रकार घडला, म्हणून लिहिते. शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी अशीच फाइल उघडली. फोनने "या स्रोतावरून ॲप घेण्यास परवानगी द्यावी का" अशा अर्थाचा प्रश्न विचारला, त्यांनी होय म्हटले. मग त्या ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, तीही दिली. त्यानंतर चिन्ह पडद्यावरून नाहीसे झाले, म्हणून त्यांना वाटले की ॲप चाललेच नाही आणि विषय संपला. संध्याकाळी त्यांच्या नावाने सोसायटीच्या गटावर तीच फाइल आली, आणि रात्री त्यांच्या बचत खात्यातून रक्कम गेली. ओटीपी त्यांनी कोणालाही सांगितला नव्हता, म्हणून बँकेत त्यांना आधी कोणी खरेच मानेना.

सांगायचे असे की अशी फाइल ओळखीच्या माणसाकडूनही येऊ शकते. "अनोळखी क्रमांकापासून सावध राहा" हा सल्ला त्या दिवशी आमच्या कोणाच्याच उपयोगी पडला नाही.

विनायक_ना

मालतीताईंनी जे लिहिले ते जवळजवळ प्रत्येक प्रकरणात याच क्रमाने घडते. ओटीपी सांगावा लागतच नाही, कारण एसएमएस वाचण्याची परवानगी मिळालेले ॲप तो परस्पर पुढे पाठवते. त्यामुळे "मी तर संकेतस्थळच वापरतो, ॲप नाही" असे म्हणणारा माणूसही सुरक्षित राहत नाही. खोटे ॲप एकदा फोनमध्ये बसले की खऱ्या बँकेच्या खऱ्या संकेतस्थळाचा ओटीपीसुद्धा त्याच्या हाती लागतो.

अशी फाइल कोणी उघडून परवानग्या दिल्याच असतील तर फोन ताबडतोब विमान मोडवर टाकावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि 1930 या क्रमांकावर किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी. चिन्ह दिसत नसले तरी सेटिंग्जमधील ॲपच्या यादीत ते सापडते. तरीही माझ्या मते छायाचित्रे वगैरे बाजूला काढून फोन कारखान्यातून आला तसा कोरा करणे, हाच खात्रीचा उपाय आहे.

आता सुमेधाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. प्ले स्टोअरवर नाव शोधण्यात अडचण अशी की "आरटीओ", "वाहन माहिती", "चलन" अशा नावांची खासगी ॲप तिथे भरपूर आहेत. त्यांतली सगळी फसवणूक करणारी नसतात. बरीचशी जाहिरातींवर चालणारी असतात आणि आपण सरकारी नसल्याचे वर्णनात खाली कुठेतरी लिहितातही. परंतु शोधात वर येणारे पहिले नाव अनेकदा जाहिरातीचे असते, आणि चिन्ह व नाव यांची नक्कल कोणालाही करता येते. म्हणून शोधून जाऊ नये, संकेतस्थळावरून जावे.

ब्राउझरमध्ये `parivahan.gov.in` स्वतः टंकावे. गूगलमध्ये शोधून आलेल्या दुव्यावर जाऊ नये, कारण तिथेही वर जाहिराती असतात. मुखपृष्ठाची मांडणी अधूनमधून बदलते, परंतु ॲपसाठी प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर यांची चिन्हे तिथे असतात. संगणकावर असाल तर चिन्हावर माउस नुसता नेऊन थांबावे, म्हणजे लिंक कुठे जाणार आहे ते खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात दिसते. अँड्रॉइडसाठी ती अशी असायला हवी:

```
https://play.google.com/store/apps/details?id=com.nic.mparivahan
```

यात दोनच गोष्टी पाहायच्या. पत्ता `play.google.com` चा आहे का, आणि `id=` नंतरची ओळख कोणती आहे. ॲपचे नाव आणि चिन्ह यांची नक्कल होते, पण ही ओळख प्ले स्टोअरवर एका वेळी एकाच ॲपची असते. सरकारी संकेतस्थळावरची लिंक `.apk` फाइल उतरवू लागली किंवा तिसऱ्याच संकेतस्थळावर नेऊ लागली, तर तिथेच थांबावे.

कोकणकडा

विनायकराव, पटले. पण मग उलट दिशेने तपासले तर काय बिघडते? प्ले स्टोअरच्या पानावर विकासकाचे संकेतस्थळ आणि ईमेल दिलेले असते. तिथे सरकारी पत्ता दिसला म्हणजे ॲप सरकारी, असे का म्हणू नये? आणि `com.nic` असे लिहिले आहे म्हणजे ते एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेचेच, हे तर उघड आहे.

विनायक_ना

याच ठिकाणी जाणकारही चकतात. विकासकाच्या पानावरील संकेतस्थळ ही विकासकाने स्वतः भरलेली माहिती आहे. मी उद्या एखादे ॲप केले तर तिथे कोणताही पत्ता लिहू शकतो. तसेच `com.nic` हा केवळ नाव ठेवण्याचा रिवाज आहे. त्या नावाने सुरू होणारी ओळख घेण्यासाठी एनआयसीची परवानगी कोणी तपासत नाही. म्हणून `com.nic.` ने सुरू होणारे काहीही खरे, असा निष्कर्ष काढू नये. पूर्ण ओळख अक्षरशः जुळली पाहिजे, आणि ती सरकारी संकेतस्थळावरच्या लिंकशी जुळली पाहिजे. ॲपने "मी या संकेतस्थळाचे" असे म्हणणे हा पुरावा होत नाही. संकेतस्थळाने "हे ॲप माझे" असे म्हणणे हा पुरावा होतो, कारण त्या पानावर लिहिण्याचा अधिकार त्याच खात्याकडे असतो.

आणखी एक बारकावा. ही ओळख प्ले स्टोअरच्या पानावर असतानाच उपयोगाची आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या आत कोणीही हुबेहूब `com.nic.mparivahan` असे लिहून ठेवू शकतो. फोनमध्ये खरे ॲप आधीपासून असेल तर अँड्रॉइड त्यावर ही फाइल चढवू देत नाही, कारण दोघांच्या डिजिटल सह्या जुळत नाहीत. पण खरे ॲप नसेल तर नुसत्या नावावरून अँड्रॉइडला काहीच कळत नाही.

सुमेधा_सिन्नर

फार उपयुक्त माहिती मिळाली, आभार. मी आताच फोनवर करून पाहिले. संकेतस्थळावरील चिन्ह दाबताच थेट प्ले स्टोअरचे ॲप उघडते आणि पत्त्याची पट्टी दिसतच नाही. मग `id=` नंतरचे काय आहे ते फोनवर पाहायचे कसे? वडिलांकडे संगणक नाही.

विनायक_ना

चिन्हावर बोट दाबून धरल्यास ब्राउझर बहुधा लिंक कॉपी करण्याचा पर्याय देतो. ते जमले नाही तर प्ले स्टोअरच्या पानावर उजवीकडे वर तीन ठिपके असतात, तिथून "शेअर" निवडून लिंक कॉपी करावी आणि टिपणवहीच्या ॲपमध्ये किंवा स्वतःलाच पाठवण्याच्या संदेशात चिकटवावी. पूर्ण पत्ता डोळ्यांसमोर येतो.

वडिलांसाठी मला सोपा वाटणारा मार्ग असा, की तुमच्या संगणकावरील ब्राउझरमध्ये त्यांच्या गूगल खात्याने प्रवेश करावा, सरकारी संकेतस्थळावरून प्ले स्टोअरच्या पानावर जाऊन ओळख तपासावी आणि तिथेच इन्स्टॉलचे बटण दाबून त्यांचा फोन निवडावा. ॲप थेट त्यांच्या फोनवर उतरते, त्यांना कोणतीही लिंक पाठवावी लागत नाही. काम झाल्यावर त्यांच्या खात्यातून बाहेर पडायला विसरू नये.

जे ॲप आधीच फोनमध्ये आहे त्याविषयी शंका असेल तर सेटिंग्जमध्ये त्या ॲपचे पान उघडून अगदी तळाशी जावे. बहुतेक फोनवर तिथे ते कोठून घेतले हे लिहिलेले असते. प्ले स्टोअरऐवजी व्हॉट्सॲप, ब्राउझर किंवा फाइल व्यवस्थापकाचे नाव दिसले, तर ते काढून टाकावे. त्याच सेटिंग्जमध्ये अज्ञात ॲप घेण्याची परवानगी प्रत्येक ॲपसाठी स्वतंत्र असते. व्हॉट्सॲप आणि ब्राउझर यांच्यासमोर ती बंद आहे ना, एवढे वडिलांच्या फोनवर आजच पाहून घ्या.

पल्लवी_डब्लिन

माझ्या आईकडे आयफोन आहे. तिला हे सारे लागू होते का?

विनायक_ना

`.apk` फाइल आयफोनवर चालतच नाही, त्यामुळे हा विशिष्ट प्रकार तिथे फसतो. खोटे संकेतस्थळ मात्र आयफोनवरही तितक्याच सहज उघडते, म्हणून पत्ता उजवीकडून वाचण्याची सवय आईंनाही हवी. ॲप घ्यायचे तर संकेतस्थळावरील ॲप स्टोअरच्या चिन्हावरूनच जावे आणि पत्ता `apps.apple.com` चा आहे हे पाहावे.

मालती_देशपांडे

मला एक शंका आहे. सरकारी संकेतस्थळेच कधीकधी हॅक होतात, त्यांच्या पानांवर जुगाराच्या जाहिराती घुसवल्याच्या बातम्या आपण वाचतो. मग त्यावरची लिंक तरी कशी मानावी?

विनायक_ना

शंका रास्त आहे आणि तिला पूर्ण समाधान देणारे उत्तर माझ्याकडे नाही. अशा घटनांत पान बदलले जाते, पण तेवढ्याने प्ले स्टोअरवरील ॲप बदलत नाही. त्यामुळे लिंक प्ले स्टोअरकडेच जाते आहे आणि तिथले ॲप जुने, फार मोठ्या संख्येने घेतले गेलेले आहे, हे दोन्ही जुळले तर धोका बराच घटतो. गेल्या आठवड्यात आलेले आणि काही शेकडा लोकांनी घेतलेले ॲप हे राष्ट्रीय परिवहन सेवेचे असू शकत नाही. एवढे करूनही मन मानत नसेल, तर चलनापुरते ॲप घेऊच नये. आप्पांचा सल्ला मला म्हणूनच पटतो.

टेम्पोवाले_आप्पा

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. महाराष्ट्रातील वाहतूक पोलिसांचे `mahatrafficechallan.gov.in` हे संकेतस्थळ वेगळे आहे. आमच्या एका गाडीचे चलन तिथे दिसत होते, पण केंद्राच्या संकेतस्थळावर कितीतरी दिवस दिसले नाही. म्हणून सुमेधाताई, वडिलांच्या गाडीसाठी दोन्हीकडे पाहा. एका ठिकाणी काही नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि एकच चलन दोन्हीकडे दिसले तर दोनदा पैसे भरू नका, चलनाचा क्रमांक ताडून पाहा.

सुमेधा_सिन्नर

दोन्ही पत्ते स्वतः टंकून पाहिले. राज्याच्या संकेतस्थळावर एक जुने चलन निघाले, हेल्मेटचे, सिग्नलचे नव्हे. केंद्राच्या संकेतस्थळावर काहीच नाही. राज्याच्या संकेतस्थळावरूनच ते भरले आणि पावती उतरवून ठेवली. ॲप तूर्तास घेतलेले नाही, कारण वडिलांचा आरसी आणि परवाना डिजिलॉकरमध्ये आधीच आहे.

कोकणकडा

दोन्ही संकेतस्थळांत हा फरक का पडतो, हे कोणी खात्रीने सांगू शकेल काय? राज्यात भरलेले चलन केंद्राकडे प्रलंबितच दिसत राहिले आणि गाडी विकताना ते आडवे आले, असे आमच्या गावी एकाच्या बाबतीत झाले आहे.

टेम्पोवाले_आप्पा

आमच्याकडेही तसे एकदा झाले होते. पावती घेऊन आरटीओत गेलो तेव्हा तिथल्या लिपिकाने ती पाहून नोंद पुढे सरकवली, पण कारण त्यालाही सांगता आले नाही. कोणाला ठाऊक असल्यास इथे जरूर लिहावे.